एकशे चाळीसच्या आत

"किडनी द्यायची ना? मग आधी ही साखर खाली आण," डॉक्टर खांबेटे म्हणाले आणि त्यांनी रिपोर्ट टेबलावरून आमच्याकडे सरकवला.

गुरुदत्तनं तो उचललाच नाही. त्याच्या वतीनं मीच उचलला. गुरुदत्त म्हणजे माझा नवरा. कॉलेजातल्या ओळखीतून लग्न झालं, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. माझ्या मोठ्या जावेला, विमलवहिनींना, ते वीस वर्षांत पटलेलं नाही. न पटू दे. रिपोर्टवर लिहिलं होतं, उपाशीपोटी एकशे एकोणीस, ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी एकशे अठ्ठ्याहत्तर.

"म्हणजे मला डायबेटिस आहे?" गुरुदत्तनं विचारलं. आवाज असा, की जणू कोणी वर्गात उभं करून उत्तर विचारलंय.

"नाही. पण निरोगीही नाहीस. मधल्या पट्ट्यात आहेस. उपाशीपोटी एकशे दहाच्या खाली आणि दोन तासांनी एकशे चाळीसच्या आत असायला हवं. दोन तासांनी दोनशे झाली की मधुमेह. तू मधे लोंबकळतोयस. लोक याला बॉर्डरलाइन म्हणतात आणि घरी जाऊन श्रीखंड खातात."

ही १९९८ सालची गोष्ट. आम्ही ठाण्यात राहायचो, मी शाळेत शिकवायचे, गुरुदत्त कोलशेतच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. त्याचे मोठे भाऊ अण्णा, म्हणजे विमलवहिनींचे यजमान, डोंबिवलीला. अण्णांच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला न्यायला लागायचं. रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्या जुळल्या, सगळ्या घरात एकटा गुरुदत्त जुळला. वहिनींचा मुलगा जुळला नाही. बहीण आधीच गेलेली. आता एवढ्या मोठ्या खानदानात अण्णांना वाचवू शकणारी किडनी एकच होती, आणि ती माझ्या नवऱ्याच्या पोटात होती.

आणि किडनी बसवणाऱ्या मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. भावाला मधुमेह आहे, त्यामुळे आम्ही आधीच बिचकतोय. याची साखर पूर्ण नॉर्मल आली तरच घेऊ. नाहीतर आज एकाला वाचवायचं आणि दहा वर्षांनी दुसऱ्याला डायलिसिसवर टाकायचं, असं होईल.

"किती दिवसांत उतरेल?" गुरुदत्तनं विचारलं.

"तीन महिन्यांनी बघू. तोपर्यंत रोज पाऊण तास भरभर चालायचं, रात्रीचा भात निम्मा, चहात साखर बंद, कारखान्यातला वडा बंद. वजन एक्क्याऐंशी आहे, ते चार-पाच किलो तरी उतरायला हवं. मग पुन्हा हीच पूर्ण तपासणी. उपाशीपोटीची आणि दोन तासांची, दोन्ही."

"तीन महिने? डॉक्टर, अण्णाला तीन महिने..." गुरुदत्त म्हणाला.

डॉक्टर चिठ्ठीवर तीन महिन्यांनंतरची तारीख लिहायला लागले. तेही अण्णांना लहानपणापासून ओळखायचे.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "चल, आजपासून चालायला लाग." त्यानं मुकाट्यानं मान हलवली. मला राग येत होता. कोणाचा, ते सांगता येणार नाही. अण्णांचा म्हणावा तर तो माणूस देवासारखा. पण खरं सांगायचं तर अण्णांचाच येत होता.

कारण अण्णाही एकेकाळी याच पट्ट्यात लोंबकळत होते. पंच्याऐंशी साली. तेव्हा खांबेट्यांनीच त्यांना चालायला लावलं होतं, खाणं आवरायला लावलं होतं. अण्णा चालले बिचारे. तीन-चार महिन्यांनी रिपोर्ट चांगला आला आणि आमच्या अण्णांनी काय करावं? पेढे वाटले! सगळ्या सोसायटीत पेढे वाटले. "पास झालो," म्हणाले. खांबेटे ओरडून सांगत होते, ही दहावी नव्हे, दर वर्षी बसायचंय. पण त्या दिवसानंतर अण्णा पॅथॉलॉजीची पायरी चढले नाहीत. चालणं सुटलं, भात परतला, वजन परतलं, आणि साखर तर गुपचूप कधी परतली ते कळलंच नाही. आठ वर्षांनी डोळ्यांपुढे काळे ठिपके यायला लागले तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरनं विचारलं, "तुमचा डायबेटिस किती जुना?" अण्णा म्हणाले, "मला डायबेटिस नाहीये." तोपर्यंत किडनीतून प्रथिनं गळायला लागली होती.

हे सगळं मला माहीत होतं म्हणून मला त्या 'मधल्या पट्ट्या'ची भीती वाटायची. मधुमेह परवडला, निदान तो तोंडावर सांगतो. हा मधला पट्टा काहीच सांगत नाही. दुखत नाही, खुपत नाही. माणूस हसत-खेळत जेवतो आणि आतून पोखरला जातो.

गुरुदत्त चालायला लागला. आमच्या घरापासून बाळकुमच्या दिशेनं जायचा आणि परत यायचा. तिकडच्या भागीरथीमावशी आमच्याकडे मासळी घेऊन यायच्या. महिन्याभरात टोपली उतरवता उतरवता म्हणाल्या, "काय गो बाय, तुजा नवरा सुकत चाललाय. खायला देतेस का नाय?" मी हसले, आणि आत जाऊन डोळे पुसले. सुकत चाललाय हेच तर हवं होतं.

पण डोंबिवलीकरांना धीर कुठला! वहिनींचा रोज फोन. आज काय खाल्लं, आज किती चालला, आज साखर बघितली का. शेवटी गुरुदत्त मला न सांगता कारखान्याजवळच्या एका लॅबमध्ये दर आठवड्याला उपाशीपोटीची तपासणी करून यायला लागला. पहिल्या आठवड्यात एकशे बारा आली. वहिनींनी देवापुढे साखर ठेवली. साखर, बघा! पुढच्या आठवड्यात एकशे एकवीस. त्या रात्री डोंबिवलीला कोणी जेवलं नाही. मग एकशे चौदा. मग पुन्हा एकशे अठरा. घराचा नुसता हिंदोळा झाला. साखर उतरली की माणसं हसायची, चढली की एकमेकांवर वसकन ओरडायची. एकदा एकशे एकवीसच्या दिवशी वहिनी मला फोनवर म्हणाल्या, "हेमा, तू त्याला नीट खायला घालतेस ना गं? म्हणजे... नीट?"

मला त्यातला अर्थ कळला. माझा नवरा कापून घ्यायला मी तयार नाही, म्हणून मी गुपचूप तूप-साखर चारतेय, असा. मी फोन आपटला. मग पुन्हा लावला आणि म्हटलं, "वहिनी, मी त्याला भाकरी आणि पालेभाजी घालते. या आणि बघून जा."

त्याला घेऊन मी थेट खांबेट्यांकडे गेले आणि सगळ्या चिठ्ठ्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी एकेक बघितली आणि त्यांचं डोकंच फिरलं.

"हे काय आहे? क्रिकेटचा स्कोअर? अरे, माणसाची साखर रोज पाच-सात इकडेतिकडे होतेच. आदल्या दिवशी झोप झाली नाही, सर्दी झाली, भांडण झालं, तरी हलते. आठवड्याच्या हिशेबात तुला काहीही दिसणार नाही, फक्त वेड लागेल. शरीर बदलायला वेळ घेतं, म्हणून तीन महिने म्हटलं. मी काय उगाच पंचांग बघून सांगितलं?"

"पण सुधारतंय की नाही ते कसं कळणार?" गुरुदत्त हट्टानं म्हणाला.

"वजनकाट्यावर कळेल. पँटच्या पट्ट्यावर कळेल. तीन महिन्यांनी दोन्ही आकडे खाली आलेले असतील, तेव्हा कळेल. आणि पुन्हा सहा महिन्यांनी ते खालीच असतील, तेव्हा खरं म्हणायचं. एका रिपोर्टनं कोणी बरं होत नाही. तुझ्या भावाला विचार."

डॉक्टरांनी सूर उतरवला. "आणि एक लक्षात ठेव. तपासणीच्या आधी तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं. पोळी, भात, सगळं नेहमीचं. फक्त आदल्या रात्री जेवल्यानंतर काही नाही. परीक्षेच्या आधी घोकंपट्टी करतात तसं ऐन वेळी उपाशी राहायचं नाही."

"हो," गुरुदत्त म्हणाला. माझ्यासमोर म्हणाला. मी साक्षीदार आहे.

तिकडे अण्णा उतरत चालले होते. चेहरा सुजलेला, रंग राखेसारखा, अंगाला सारखी खाज. जवळ बसलं की तोंडाला एक विचित्र उग्र वास यायचा. डायलिसिसला कल्याणला न्यायचे, तिथून आले की दिवसभर झोपून असायचे. पाणीसुद्धा मोजून. एका रविवारी आम्ही गेलो तर अण्णांनी गुरुदत्तच्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाले, "वा, बारीक झालास! चांगलं झालं. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी चांगलं झालं. कळलं का?"

"तुझ्यासाठीच चाललोय रे," गुरुदत्त म्हणाला.

"तेच नको ना." अण्णांना धाप लागली. "माझ्यासाठी चालशील तर माझ्याबरोबर थांबशील."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना ते आवडलं नाही. "कशाला अभद्र बोलता?" म्हणून त्या आत निघून गेल्या. भांडी जोरात आपटल्याचा आवाज आला.

तीन महिने भरत आले. वजन शहात्तर आणि थोडं वर, जवळजवळ पाच किलो उतरलं होतं. मला आशा वाटायला लागली आणि आशेचीच भीती वाटायला लागली. रिपोर्ट चांगला आला तर त्याला कापणार. वाईट आला तर अण्णा जाणार. कुठला रिपोर्ट मागू देवाकडे? मी काहीच मागितलं नाही. शाळेत पोरांवर उगाच ओरडत राहिले.

तपासणीच्या आधी गुरुदत्तनं रजा घेतली आणि डोंबिवलीला राहायला गेला. अण्णांना डायलिसिसला न्यायला माणूस नाही, म्हणाला. तिथूनच परत येऊन सकाळी थेट लॅबमध्ये भेटू, म्हणाला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

लॅबमध्ये तो आला तेव्हा डोळे खोल गेलेले. मी म्हटलं, "झोप नाही का झाली?" म्हणाला, "नाही." उपाशीपोटीचं रक्त दिलं, पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून प्यायला, लिंबू पिळलेलं. मग दोन तास बाकड्यावर बसून राहिला. चालायचं नाही, खायचं नाही. दोन तासांनी पुन्हा रक्त दिलं.

संध्याकाळी रिपोर्ट घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बघितला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"उपाशीपोटी ब्याण्णव. दोन तासांनी दोनशे तीन."

दोनशे तीन! म्हणजे मधुमेह. गुरुदत्त तर भिंतीला टेकला. तीन महिने चालला, तीन महिने भुकेनं तळमळला, आणि साखर कमी व्हायच्या ऐवजी दोनशेच्या वर? मला क्षणभर वाटलं, हा पट्टा आमच्या घराला खाऊनच राहणार. अण्णा, मग गुरुदत्त, मग आमची मुलगी उत्तरा.

डॉक्टर मात्र कागदाकडेच बघत होते. "ब्याण्णव आणि दोनशे तीन? एवढी तफावत? वजन पाच किलो उतरलंय आणि हे? गुरुदत्त, तीन दिवस काय खाल्लंस?"

गुरुदत्त रिपोर्टच्या रिकाम्या पाकिटाची घडी घालायला लागला.

"अरे, विचारतोय!"

"ताक," तो म्हणाला. "आणि पाणी."

मग सगळं बाहेर आलं. वहिनींनी टिटवाळ्याच्या गणपतीला नवस बोलला होता. भाऊजी तपासणीच्या आधी तीन दिवस कडक उपास करतील आणि रिपोर्ट शुद्ध येईल. नवस वहिनींचा, उपास गुरुदत्तचा! अशी आमच्या घराची रीत. सासूबाईंपासून चालत आलेली. एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं फेडायचं. आणि आमचे ड्राफ्ट्समनसाहेब, रेषेला रेष जुळवणारा माणूस, त्यानं मान डोलावली. वर स्वतःचं शास्त्रही लावलं, साखर पोटात गेलीच नाही तर रक्तात येणार कुठून?

"उलटं होतं, शहाण्या," डॉक्टर म्हणाले. ते चिडले नव्हते, तेच मला जास्त भीतिदायक वाटलं. "तीन दिवस पोळी-भातासारखं पिष्टमय अन्न बंद केलंस की शरीर साखर हाताळायचं विसरतं. चरबीवर चालायला लागतं. आणि मग एकदम पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज ओतलंस. त्याला ते पेलवलं नाही. उपाशीपोटीची खोटी खाली आली आणि दोन तासांची खोटी वर गेली. हा रिपोर्ट कुठल्याच कामाचा नाही. फाडून टाक."

"म्हणजे मला डायबेटिस नाही?"

"माहीत नाही. आठवडाभर माणसासारखा जेव. मग पुन्हा कर."

त्या संध्याकाळी मी वहिनींना फोन केला आणि आयुष्यात कधी बोलले नसेन असं बोलले. "तुम्ही त्याला उपाशी ठेवलात, आणि मला म्हणत होतात नीट खायला घालते का!" मग वहिनी म्हणाल्या, "माझ्या नवसानं वाटोळं झालं का गं?" मी नरमले. म्हटलं, "नाही वहिनी. आठवडा गेला, बाकी काही नाही."

पण आठवडा म्हणजे अण्णांचा आठवडा होता.

पुन्हा तपासणी झाली. या वेळी मी त्याला तीन दिवस समोर बसवून जेवू घातलं, दोन्ही वेळा पोळी आणि भात. रिपोर्ट आला. उपाशीपोटी एकशे आठ. दोन तासांनी एकशे बावन्न.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि लगेच विझलं. "गुरुदत्त, तुझा डॉक्टर म्हणून सांगतो, हे फार छान आहे. एकशे एकोणीसची एकशे आठ, एकशे अठ्ठ्याहत्तरची एकशे बावन्न. दोन्ही खाली, वजन खाली. सुधारणा म्हणतात ती हीच. असाच राहिलास तर आणखी तीन महिन्यांनी आणखी उतरेल, बहुतेक. उपाशीपोटीची तर मर्यादेत आलीच आहे."

"पण?" मी विचारलं.

"पण एकशे चाळीसच्या आत नाही."

मुंबईच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. अजून पट्ट्यातच आहे. तीन महिने असंच चालू ठेवा, पुन्हा तपासा, मग या. बारा आकडे! बारा आकड्यांसाठी एक माणूस थांबवला. मला वाटलं त्या डॉक्टरची कॉलर धरावी आणि म्हणावं, "अहो, घ्या ना, बारा आकड्यांनी काय होतंय!" आणि त्याच क्षणी, देवा क्षमा कर, मला हलकंही वाटलं. आज तरी गुरुदत्तला कोणी कापणार नव्हतं. माणसाचं मन फार वाईट असतं.

वहिनींना ते हलकं वाटणं माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. फोन करायच्या तो गुरुदत्तला. मी उचलला की "त्याला दे," एवढंच.

गुरुदत्त चालत राहिला. आता तो हरवल्यासारखा चालायचा. सकाळी चालायचा, संध्याकाळी चालायचा. मी म्हणायचे, "बास कर, गुडघे जातील." तो म्हणायचा, "बाराच तर राहिलेत."

महिना उलटून गेला आणि अण्णा गेले. डायलिसिस चालू असतानाच छातीत कळ आली. गुरुदत्त त्यांच्या उशाशी होता. नंतर मला म्हणाला, "अण्णानं माझा हात धरलेला गं. मी त्याला सांगत होतो, अजून दोनच महिने."

तेराव्याला वहिनी माझ्याकडे पाठ करून बसल्या. जेवणाच्या पंगतीत बायका कुजबुजत होत्या. भाऊ जुळला होता म्हणे, पण दिली नाही. शुगरचं निमित्त. मी ऐकून घेतलं. भांडायला अण्णा हवे होते, तेच नव्हते. वहिनींनी वाढता वाढता गुरुदत्तच्या पानात लाडू ठेवला. "खा आता," म्हणाल्या. "आता कोणासाठी सोडायचंय?" त्यानं लाडू हातात घेतला. मी सगळ्यांसमोर तो त्याच्या हातातून काढून घेतला. पंगत गप्प झाली. होऊ दे. मला विधवा व्हायचं नव्हतं.

सहा महिने झाले तेव्हा तपासणीला जायला गुरुदत्त तयार होईना. "जो रिपोर्ट अण्णाला वाचवू शकला नाही, तो मला कशाला?" म्हणाला. मी म्हटलं, "अण्णा याच वाक्यावर गेले. निदान जवळपास याच. आता तपासणी कशाला, हेच ते." ते ऐकून तो उठला. तीन दिवस नेहमीसारखा जेवला, रात्री लवकर जेवून झोपला आणि सकाळी लॅबमध्ये गेला. ग्लुकोज प्यायला, दोन तास बसला. मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून शेजारी बसले होते.

रिपोर्ट घ्यायला तोच गेला. खाली रस्त्यावर मी वाट बघत होते. तो जिना उतरून आला आणि शेवटच्या पायरीवर बसला. कागद माझ्या हातात दिला.

उपाशीपोटी एकशे एक. दोन तासांनी एकशे चौतीस.

एकशे चाळीसच्या आत.

"आत आली," तो म्हणाला, आणि भर बाजारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, हा शेहेचाळीस वर्षांचा माणूस लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. लोकांना वाटलं असेल, काहीतरी भयंकर आजार निघाला.

डॉक्टर खांबेट्यांनी कागद वाचला. चष्मा काढून पुसला. "शाब्बास," म्हणाले. मग नेहमीच्या कडक सुरात, "हे बरं होणं नव्हे. तू दारातून एक पाऊल मागे सरलास, एवढंच. दार उघडंच आहे. आता वर्षानं ये. दर वर्षी ये. आणि वजन वाढायला लागलं, तहान लागायला लागली, तर वर्षाची वाट बघू नकोस." गुरुदत्तनं मान हलवली. पेढ्यांचं नाव कोणी काढलं नाही.

संध्याकाळी फोन वाजला. मी उचलला. वहिनी होत्या. मी नेहमीप्रमाणे "त्याला देते" म्हणणार, तोच त्या म्हणाल्या, "थांब हेमा. तुझ्याशीच बोलायचंय. आज त्याची तपासणी होती ना?"

"हो."

"काय आलं?"

गुरुदत्त दारात उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. वहिनींचा श्वास मला ऐकू येत होता. मला कळलं, ही बाई दिवसभर हा फोन करायचा की नाही याचाच विचार करत बसलेली असणार.

मी खोटं बोलत नाही. माझी ख्याती आहे तशी. तोंडावर बोलते, म्हणून निम्मे नातेवाईक दुरावलेत.

"आहे तिथेच आहे हो, वहिनी," मी म्हटलं. "एकशे पन्नासच्या आसपास."

मग त्यांनी असा श्वास सोडला, की जणू दोन महिने धरून ठेवला होता. "म्हणजे... ते आजपर्यंत राहिले असते, तरी..."

"तरी नसतं जमलं."

"बाई गं," वहिनी म्हणाल्या. त्या रडत होत्या. "मी रोज म्हणत होते गं, रोज. त्यांनी जरा कळ काढली असती तर. माझा तो उपास मधे आला नसता तर."

"उपासाचा काही संबंध नाही, वहिनी. मुळातच नव्हतं जमणार."

मग नाक ओढून म्हणाल्या, "जेवलात का तुम्ही दोघं? जप गं त्याला. त्याची साखर अजून उतरत नाही म्हणजे काळजीच आहे." आणि मग, "पुढची तपासणी कधी आहे?"

"वर्षानं."

"मग तेव्हाही मला कळव हं, काय येतं ते. दर वर्षी कळवत जा."

"कळवेन," मी म्हटलं.